एक एकर कांद्याला गादीवाफे किती? रोपवाटिकेचा हिशेब शेताकडून

कांद्याचं रोप टाकायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, एकरी बियाणं किती. कोणी दोन किलो सांगतो, कोणी चार. वाफे किती, हे मात्र फार कमी जण विचारतात. जागा दिसेल तेवढे वाफे ओढायचे आणि आणलेलं सगळं बी त्यात बसवायचं, अशीच पद्धत जास्त दिसते. आमच्या मते खरी चूक इथे होते. रोप कमी पडतं ते बहुतेक वेळा बी कमी पडल्यामुळे नव्हे, तर त्या बियाला जागा कमी मिळाल्यामुळे. म्हणून आम्ही हिशेब शेताकडून सुरू करतो आणि मागे येत वाफ्यापर्यंत पोचतो.

इथे उदाहरण घेतलंय रब्बीच्या एका एकराचं. उन्हाळी कांदा, साठवणीचा, एन-२-४-१ किंवा तसाच एखादा वाण, सपाट वाफ्यात १५ सेंटीमीटर बाय १० सेंटीमीटरवर लागवड. खरिपात आकडे कुठे बदलतात ते पुढे येईलच.

पहिली पायरी शेताची. एकर म्हणजे ४० गुंठे, पण ४० गुंठ्यांत कधीच कांदा बसत नाही. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रात बांध असतो, विहिरीची जागा असते, झाडाखालचा पट्टा असतो. ते वजा करून खरंच नांगरटीखालचं ४० गुंठे रान धरलं, तरी सपाट वाफ्यांच्या वरंब्यांत आणि पाण्याच्या पाटांत साधारण दहावा हिस्सा जातो. उरले ३६ गुंठे. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा, म्हणजे लागवडीखाली सुमारे ३,६४० चौरस मीटर.

१५ बाय १० वर एका चौरस मीटरात ६६ ते ६७ रोपं बसतात. ३,६४० चौरस मीटरला झाली २ लाख ४३ हजार. ही शेतात लागणारी रोपं.

हाच एकर जर रुंद गादीवाफ्यावर, ठिबकवर करायचा असेल तर हिशेब इथेच बदलतो. वर १२० सेंटीमीटर रुंद गादी आणि मध्ये ४५ सेंटीमीटरची सरी असेल, तर १६५ सेंटीमीटरपैकी १२० वरच कांदा असतो. बांध-वरंब्याची वजावट वेगळी न धरताही एकरात २ लाखांच्या आतच रोपं बसतात. सपाट वाफ्यासाठी काढलेला वाफ्यांचा आकडा तसाच ठिबकच्या रानाला लावला तर चार-पाच वाफ्यांचं रोप उरतं. म्हणून शेजाऱ्याने किती वाफे टाकले हे विचारण्याआधी त्याची लागवड कशावर आहे हे विचारावं.

आणखी एक गोष्ट शेतातच मोजून घेण्यासारखी आहे. कागदावर १५ बाय १० असतं, पण लागवड करणाऱ्या बायकांचा हात ज्या अंतराला बसलेला असतो तेच अंतर रानात उतरतं. गेल्या हंगामाच्या लागवडीत एक मीटर बाय एक मीटरची काठ्यांची चौकट टाकून चार-पाच ठिकाणी रोपं मोजली की खरा आकडा कळतो. काही टोळ्यांची लागवड ७५ पर्यंत जाते. म्हणजे आठव्या हिश्श्याने रोप जास्त लागतं, आणि ते हिशेबात नसेल तर शेवटचे चार-पाच गुंठे रिकामे राहतात. दोष मग रोपवाटिकेला दिला जातो, जिचा त्यात काही संबंध नसतो.

आता उपटलेलं प्रत्येक रोप शेतात जात नाही. काडीसारखं बारीक रोप लावलं तर ते जगलं तरी कांदा लहान राहतो. फार जाड झालेलं रोप थंडीत डेंगळे देतं. पिळ पडलेलं, मुळाशी कुजलेलं बाजूला टाकावं लागतं. थोडी रोपं नांग्या भरायला ठेवावी लागतात. या सगळ्याला मिळून आम्ही शंभरातली १५ धरतो. २ लाख ४३ हजार लावायची तर उपटायला हवीत २ लाख ८६ हजार. इथून पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर चालतो.

आता वाफ्याकडे येऊ. वाफ्यात रोपं किती दाट ठेवायची, हा यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. ओळीत पेरलेल्या रोपाला, उपटण्याच्या वेळी, ओळीच्या एका सेंटीमीटरला एक रोप आणि दोन ओळींत साडेसात सेंटीमीटर, ही आमची मर्यादा. यापेक्षा दाट केलं की पाती उजेडासाठी वर धावतात, मान बारीक राहते, आणि ५० दिवसांनीही रोप लावण्याजोगं होत नाही. ओळी पाच सेंटीमीटरवर घेता येतात, पण मग दोन ओळींत खुरप्याचं टोकही नीट फिरत नाही आणि तण हाताने उपटताना रोपं उखडतात. साडेसात सेंटीमीटरमध्ये दोन बोटं सहज जातात.

वाफा आम्ही वरून १.२ मीटर रुंद आणि १० मीटर लांब करतो. रुंदी यापेक्षा वाढवू नये, कारण दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. नाहीतर खुरपणी करणारा वाफ्यावर पाय देतो आणि तेवढा पट्टा दबून जातो. लांबी १० मीटर ठेवायची तर रान सपाट हवं. उतार असेल तर पाच-पाच मीटरचे दोन करावेत, कारण लांब वाफ्याच्या खालच्या टोकाला पाणी थांबतं आणि मर तिथूनच सुरू होते. उंची १५ सेंटीमीटर करावी. काळ्या जमिनीत माती बसून ती दहावर येतेच.

ओळी वाफ्याच्या रुंदीत आडव्या पाडायच्या. कडेची पाच-पाच सेंटीमीटर सोडायची, कारण पाण्याने कड ढासळते आणि तिथलं बी सरीत जातं. म्हणजे एक ओळ १.१ मीटरची. लांबीत दोन्ही टोकांची पाच-पाच सेंटीमीटर सोडून साडेसात सेंटीमीटरवर ओळी पाडल्या की १३३ ओळी होतात. १३३ गुणिले १.१, म्हणजे एका वाफ्यात १४६ मीटर ओळ. सेंटीमीटरला एक रोप धरलं की एका वाफ्यातून १४,६०० रोपं.

२ लाख ८६ हजार भागिले १४,६०० म्हणजे १९.६. झाले २० वाफे.

या २० वाफ्यांचा वरचा पृष्ठभाग २४० चौरस मीटर होतो. हेक्टरी ५०० चौरस मीटर, म्हणजे एकरी दोन गुंठे रोपवाटिका, असं जे सांगितलं जातं त्याच्या हे जवळ आहे, थोडं जास्त. पण दोन गुंठे ही फक्त वाफ्यांची जागा आहे, जमिनीची नव्हे. इथे अनेकांची फसगत होते. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना उतार लागतो आणि मधल्या सरीत माणूस बसायला हवा, म्हणून वरच्या कडेपासून शेजारच्या वाफ्याच्या कडेपर्यंत अर्धा मीटर सोडावा लागतो. एका वाफ्याला खरी जागा लागते १.७ मीटर बाय साडेदहा मीटर. दहा-दहा वाफ्यांच्या दोन रांगा आणि मध्ये एक मीटरची वाट किंवा पाट धरला, तर १७ मीटर बाय २२ मीटर, म्हणजे जवळपास पावणेचार गुंठे. दोन गुंठे मोजून त्यात वाफे ओढले तर ११ सुद्धा धड बसत नाहीत, आणि मग वीस वाफ्यांचं बी अकरांत कोंबलं जातं.

वाफा लहान केला तर जागा आणखी वाया जाते. वरून एक मीटर बाय तीन मीटरचा वाफा सोयीचा दिसतो, पण त्यात ओळीची लांबी मिळते ३५ मीटर, म्हणजे साडेतीन हजार रोपं. त्याच एकराला असे ८२ वाफे लागतील आणि जमीन जाईल सव्वाचार गुंठे. बागेला लावण्यापुरतं रोप टाकायचं असेल तर लहान वाफा ठीक आहे. एकराच्या हिशेबात तो परवडत नाही.

आता बियाणं. ते मुद्दाम शेवटी घेतो, कारण वाफे ठरल्यावरच वाफ्याला किती ग्रॅम हे कळतं. कांद्याच्या एका ग्रॅममध्ये वाणानुसार आणि बियाच्या भरदारपणानुसार अडीचशे ते तीनशे बिया असतात. आपल्याच पिशवीतला एक ग्रॅम सोनाराच्या किंवा खिशातल्या काट्यावर तोलून मोजला की खरं कळतं. इथे २८० धरू. उगवणही घरीच तपासावी. शंभर बिया ओल्या कागदात गुंडाळून सावलीत ठेवायच्या, कागद सुकू द्यायचा नाही, आणि सहाव्या व बाराव्या दिवशी मोजायच्या. कांद्याचं बी फार लवकर जुनं होतं. गेल्या वर्षीचं शिल्लक बी साध्या डब्यात पावसाळा काढून आलं असेल तर त्याची उगवण निम्म्यावर आलेलीही दिसते. प्रमाणित बियाला ७० टक्के ही किमान मर्यादा आहे. चांगलं ताजं बी ८० च्या पुढे जातं.

८० धरून चालू. कागदात ८० उगवतात, पण वाफ्यात काही खोल जातात, काही पापुद्र्याखाली अडकतात, काही मुंग्या नेतात. वर ६८ येतात. त्यातली पुढच्या सात आठवड्यांत मर, खुरपणी, कडेची पडझड यांत जाऊन उपटायला ५४ उरतात. म्हणजे शंभर बियांमागे ५४ रोपं. २ लाख ८६ हजार रोपांना लागतात ५ लाख ३० हजार बिया. त्याला २८० ने भागलं की १ किलो ८९० ग्रॅम. पूर्ण दोन किलो घ्यावं. वीस वाफ्यांना वाटलं की वाफ्याला १०० ग्रॅम.

आता एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण याच ठिकाणी बी वाढवायचं की वाफे वाढवायचे हे ठरतं. उगवण कमी असेल तर फक्त बी वाढवायचं, वाफे तेवढेच. समजा तपासणीत ६५ च उगवल्या. मग उपटायला शंभरामागे ४४ मिळतील, बी लागेल २ किलो ३०० ग्रॅम, आणि वाफ्याला ११५ ग्रॅम पडेल. न उगवलेलं बी जागा खात नाही, त्यामुळे वर आलेल्या रोपांची दाटी तीच राहते. पण रोप उगवून नंतर मरणार असेल तर बीही वाढवावं लागतं आणि वाफेही. उगवलेलं रोप मरेपर्यंत जागा, उजेड आणि हवा घेतं, आणि दाटी वाढवली की मर आणखी पसरते. मर होणार म्हणून त्याच वाफ्यात जास्त बी टाकणं म्हणजे मर वाढवणंच आहे.

खरिपाचा हिशेब म्हणूनच वेगळा येतो. मे-जूनमध्ये टाकलेल्या रोपाला आधी ऊन आणि मग झोडपणारा पाऊस. ८० टक्के उगवणीच्या बियातून वाफ्यावर ६० येतात असं धरू, आणि उपटायला ३६. तेवढ्याच २ लाख ८६ हजार रोपांना आता जवळपास ८ लाख बिया लागतात, म्हणजे २ किलो ८५० ग्रॅम. हे सगळं वीस वाफ्यांत टाकलं तर वाफ्याला १४० ग्रॅमच्या वर जाईल आणि पहिल्या मोठ्या पावसात वाफे बसतील. उगवलेल्या रोपांची दाटी रब्बीइतकीच ठेवायची तर २६-२७ वाफे येतात. पावसात कडा ढासळतात म्हणून आम्ही २८ ओढतो. वाफ्याला पुन्हा साधारण शंभरच ग्रॅम पडतं. जमीन लागते पाच गुंठे. खरिपाला पाणी बाहेर काढणारा चर वेगळा हवा, तोही याच पाच गुंठ्यांच्या बाहेर.

वाफे ठरले की पुढचं काम सोपं आहे, पण त्यातही हिशेब मोडू शकतो. शेणखत पूर्ण कुजलेलं, चाळलेलं, चौरस मीटरला एक किलो, म्हणजे एका वाफ्याला १२ किलो. अर्धवट कुजलेलं असेल तर हुमणी आणि तणाचं बी दोन्ही सोबत येतात, आणि तण जास्त झालं की खुरपणीतच रोप कमी होतं. बियाला किलोमागे दोन ग्रॅम थायरम चोळावं, विकत आणलेलं बी आधीच रंगवलेलं असेल तर पुन्हा नको.

पेरताना सगळं बी एका भांड्यात घेऊन सुरुवात करू नये. हात सैल पडतो, पहिल्या पाच वाफ्यांत दीड वाटा जातो आणि शेवटचे दोन वाफे रिकामे राहतात. वीस पुड्या करायच्या, प्रत्येकी १०० ग्रॅमच्या. वाफ्याचे काठीने चार भाग पाडायचे आणि पुडीचेही चार, २५-२५ ग्रॅम. एका भागात ३३ ओळी येतात. बी कोरड्या बारीक वाळूत मिसळलं तर चिमटीतून सारखं सुटतं. दाताळ्याला साडेसात सेंटीमीटरवर दात बसवून घेतलं की ओळी एका ओढीत पडतात. खोली एक ते दीड सेंटीमीटर, वर चाळलेलं खत, आणि पाणी झारीने. पाटाने जोरात पाणी सोडलं तर बी ओळीतून उचललं जाऊन खालच्या टोकाला गोळा होतं. एका कोपऱ्यात गवतासारखा झुबका आणि बाकी वाफा उघडा दिसला तर कारण हेच असतं, बियाणं खराब नसतं.

हिशेब जुळतोय की नाही हे पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पाहावं. वीसपैकी पाच वाफे निवडायचे, त्यात चांगले-वाईट दोन्ही घ्यायचे. प्रत्येकात तीन ठिकाणी पट्टी ठेवून अर्धा मीटर ओळीतली रोपं मोजायची. या वेळी अर्ध्या मीटरला ६० च्या आसपास दिसली पाहिजेत, म्हणजे शेवटी ५० उरतील. ८० च्या वर दिसली तर विरळणी करावी, जीवावर आलं तरी. ती रोपं ठेवली म्हणून शेवटी ८० मिळत नाहीत, ५० बारीक मिळतात. ४० च्या खाली दिसली तर रोप कमी पडणार हे नक्की समजावं.

अशा वेळी मोकळ्या जागेत नवं बी विस्कटून वाफा भरू नये. नव्या-जुन्या रोपांत तीन आठवड्यांचं अंतर राहतं, मोठं रोप लहानाला झाकतं, आणि उपटताना दोन्हीची मुळं तुटतात. बी टाकायचंच असेल तर वेगळे वाफे करून टाकावं आणि ते रोप वेगळ्या तुकड्यात, उशिरा लावायचं हे धरून चालावं. रब्बीत ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाकलेलं रोप ५० ते ५५ दिवसांनी लावतात. तीन आठवडे मागचं रोप जानेवारीत रानात जाईल आणि त्याचा कांदा मार्च-एप्रिलच्या उन्हात पोसताना कमी पडेल. आम्ही त्यापेक्षा लागवडीचं क्षेत्र कमी करतो.

ते किती कमी करायचं हे उपटणीच्या पहिल्या दिवशी कळतं. पहिला वाफा पूर्ण उपटून शंभर-शंभरच्या जुड्या बांधून मोजायचा. वाफा अगदी चांगला किंवा अगदी वाईट निवडू नये. १४,६०० च्या जागी १२,००० निघाली असं समजू. वीस वाफ्यांची झाली २ लाख ४० हजार. निवडून १५ टक्के गेली की २ लाख ४ हजार. चौरस मीटरला ६६-६७ प्रमाणे ती पुरतात ३,०६० चौरस मीटरला, म्हणजे ३० गुंठ्यांना. ३६ पैकी सहा गुंठे त्याच दिवशी हरभऱ्याला किंवा चाऱ्याला सोडता येतात, कारण तोवर तिथे वाफे बांधून झालेले नसतात. हे न मोजता लागवड सुरू केली तर रोप संपत आल्याचं शेवटच्या दिवशी लक्षात येतं. मग बाजूला काढलेलं बारीक आणि जाड रोपही रानात जातं, आणि त्या सहा गुंठ्यांत गोल्टी आणि डेंगळेच निघतात.